पंधरा फ्रेम

बिबवेवाडीत अप्परच्या रस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या सोसायटीत माझे एक स्नेही राहतात. त्यांच्या वरच्या मजल्यावरून रोज संध्याकाळी गाणं ऐकू यायचं. गाणं म्हणजे गाण्याचे वीसेक सेकंद. ढोलकीचा ठेका, बाईचा आवाज, तेवढंच ध्रुवपद, मग शांतता, आणि पुन्हा तेच. मी म्हटलं, क्लास असेल. स्नेही म्हणाले, "क्लास कसला, कार्टून बनवतात. महिनाभर तेच गाणं ऐकतोय आम्ही. आता आमच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्या तालात होतात." पंधरवड्यानंतरही तेच वीस सेकंद चालू असल्याचं कळलं तेव्हा मला राहवेना. जिना चढलो.

दोन खोल्यांचा फ्लॅट. आतल्या खोलीत तीन पडदे आणि चित्र काढायच्या पाट्या, बाहेरच्या खोलीत भिंतभर चिकटवलेली कागदाची लांब पट्टी. पट्टीवर शहात्तर चौकोन. काही निळे, काही पिवळे, एका ठिकाणी आठ चौकोन कोरेच सोडलेले. पट्टीसमोर जमिनीवर मांडी घालून एक मुलगी बसली होती, कानाला हेडफोन, आणि डाव्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरवत होती. माझी आजी जप करायची तसा. डोळे मिटलेले. मग एकदम डोळे उघडून तिने कागदावर एक रेघ मारली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"एका बोटाला तीन पेरं, पाच बोटांची पंधरा," तिने नंतर सांगितलं. "अंगठ्याचं तिसरं पेर इथे तळव्यात धरायचं. या गाण्यात एक ठोका म्हणजे पंधरा फ्रेम. एक हात म्हणजे एक ठोका."

हे पंधरा आलं कुठून, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, म्हणजे मिनिटाला १४४०. गाण्याची लय मिनिटाला ९६ ठोक्यांची. १४४० ला ९६ ने भागलं की बरोबर पंधरा येतात, बाकी शून्य. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं तर साठ फ्रेम, म्हणजे अडीच सेकंद. भिंतीवरचा एक चौकोन म्हणजे असं एक आवर्तन.

ही बाकी शून्य आपोआप आलेली नाही. संगीतकार दादांनी पहिल्यांदा पाठवलेलं कच्चं गाणं ९७ च्या लयीत होतं. मुलीने ते ९६ वर आणून मागितलं. "एकाने काय फरक पडतो गं?" असं दादांनी विचारलंच. फरक असा पडतो, की ९७ ला एका ठोक्याच्या वाट्याला पंधराला थोड्या कमी फ्रेम येतात. चित्रं पंधराच्या हिशेबाने काढत गेलो तर सोळा आवर्तनांचा एक अंतरा संपेपर्यंत चित्र गाण्याच्या दहा फ्रेम मागे पडतं. ढोलकीवर थाप आधी पडते आणि फूल नंतर ओवलं जातं. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चित्रातली बाई कंटाळून काम करतेय असं वाटायला लागतं. अपूर्णांक धरून हिशेब करता येतोच, पण मग प्रत्येक ठोका चित्राच्या वेगळ्या जागी पडतो आणि एकदा काढलेली चित्रं दुसऱ्या जागी जशीच्या तशी वापरता येत नाहीत. दादांनी ऐकलं, आणि खरं रेकॉर्डिंग ९६ च्या क्लिकवर केलं.

पंधराची दुसरी गंमत मला उशिरा कळली. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं म्हणजे जीव जातो. म्हणून साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. त्याला टूज म्हणतात. पण पंधरा विषम. दोन-दोनच्या हिशेबात पहिला ठोका नव्या चित्रावर पडतो आणि दुसरा नेमका धरून ठेवलेल्या चित्राच्या मधोमध. म्हणून इथे थ्रीज, एक चित्र तीन फ्रेम. एका ठोक्याला पाच चित्रं, आणि प्रत्येक ठोका नव्या चित्रावरच उघडतो. पाच बोटं, तीन पेरं. मुलीने ही पद्धत कुठे शिकलेली नव्हती. हिशेब हातात बसला म्हणून ती पेरं मोजायला लागली. थ्रीजने हालचाल किंचित तुटक दिसते, ते त्यांना चालतं. मलाही चाललं. लोण्यासारखी सरकणारी चित्रं पाहून मी आताशा दमतो.

गाणं अजून बाहेर आलेलं नाही, त्यामुळे त्याचं नाव देत नाही. गाण्यातली बाई अप्परला राहते, पहाटे उतार उतरून मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जाते, झेंडू आणते आणि दिवसभर माळा ओवते. पहिल्या अंतऱ्यात बाजार. दुसऱ्या अंतऱ्यात संध्याकाळ, शाळेतून आलेली मुलगी शेजारी बसून आईला फुलं देते. मग ब्रिज. तिथे ढोलकी थांबते आणि बाई स्वतःशीच म्हणते की पोरीच्या हातात ही सुई जायला नको. त्यानंतर तेच ध्रुवपद शेवटचं. आपल्याला हे काही नवं नाही. कीर्तनात बुवा चरण सांगतात आणि टाळकरी ध्रुवपदावर येतात. शब्द तेच असतात, पण मध्ये काय ऐकलं त्यावर ध्रुवपदाचा अर्थ पुढे सरकलेला असतो. अडचण इतकीच, की आवाज आपोआप बदलतो, चित्र बदलावं लागतं. किती बदलायचं, हाच या घरातला रोजचा वाद.

वाद ज्यांच्याशी चालायचा त्या दिग्दर्शिका. सगळे त्यांना ताई म्हणतात. कामाची सुरुवात त्या चित्र काढून करतच नाहीत. आधी पट्टी. कुठली आवर्तनं कशाची, हे ठरल्याशिवाय पेन्सिल हातात घ्यायची नाही. चार आवर्तनं सुरुवातीची, सोळा अंतऱ्याची, आठ ध्रुवपदाची, चार वाद्यांची, पुन्हा सोळा, पुन्हा आठ, आठ ब्रिजची, आणि शेवटची बारा ध्रुवपद व त्याच्या शेपटाची. सगळी मिळून तीन मिनिटं दहा सेकंद. एक चित्र तीन फ्रेम टिकणार असं धरलं तरी १५२० चित्रं होतात, आणि चित्रं काढणारे दोघं. "आता यातलं काय काढायचं नाही ते ठरवायचं," ताई म्हणाल्या.

उत्तर ध्रुवपदात आहे. ध्रुवपदाची आठ आवर्तनं तीनदा येतात. प्रत्येक वेळी सगळं नवं काढलं तर ४८० चित्रं. ताईंच्या आराखड्यात ती चाळीस आहेत. चौकटीच्या मधोमध बाईचे दोन हात, सुई, दोरा. कॅमेरा हलत नाही, कट नाही. दोन आवर्तनांत दोन फुलं ओवली जातात, एक पिवळं, एक केशरी, आणि हात पहिल्या जागी येतात. आठ ठोके, ठोक्याला पाच चित्रं, चाळीस. हे चक्र चारदा फिरलं की ध्रुवपद भरतं. (मार्केट यार्डाबाहेर बसणाऱ्या बायका एवढ्या वेळात पाच-सहा फुलं सहज ओवतात. ताईंना ते ठाऊक आहे. पण तेवढा वेग दाखवला तर हात दिसत नाहीत, नुसती धांदल दिसते.)

ही चाळीस चित्रं मी जवळून पाहिली. त्यात एक पेच आहे. माळ तर वाढायला हवी; पण वाढली तर चाळिसावं चित्र पहिल्याला जुळणार नाही आणि चक्र फिरताना माळ दर पाच सेकंदांनी टुणकन आखूड होईल. म्हणून माळेचं टोक कधीच दाखवायचं नाही. फूल ओवलं की सगळी माळ एका फुलाने खाली सरकते आणि तळाचं फूल चौकटीबाहेर जातं. खाली माळ किती लांब आहे ते बघणाऱ्याने समजून घ्यायचं. माळेत पिवळं-केशरी आळीपाळीने आहे, म्हणून दोन फुलं सरकल्यावर चित्र तंतोतंत पहिल्यासारखं होतं. एकच रंग ठेवला असता तर एका फुलाचं, वीस चित्रांचंच चक्र पुरलं असतं. ताईंनी ते करून पाहिलं आणि सोडलं. अडीच सेकंदांनी तेच परत येतं हे डोळ्याला लगेच कळतं, पाच सेकंदांनी येतं ते तितकंसं कळत नाही.

नवख्यांची चूक इथे ठरलेली. चक्र जुळावं म्हणून ते शेवटचं चित्र हुबेहूब पहिल्यासारखं काढतात. मग फिरताना तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं, तीनऐवजी सहा फ्रेम हात थबकतो, आणि ठेक्यात उचकी लागते. चाळिसावं चित्र पहिल्याच्या एक पाऊल अलीकडचं हवं, पहिलं नव्हे. मुलगी हे तपासताना पडद्याकडे बघत नाही. चक्र सुरू ठेवते, ढोलकी लावते आणि पेरं मोजत बसते. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते. हात थबकलेला असेल तर समोरून पाहण्यापेक्षा असा लवकर कळतो, म्हणे. मी करून पाहिलं. खरं आहे.

एकच चक्र तीनदा वापरायचं तर त्याला आळस म्हणायचं की रचना? गाण्यासाठी पैसे घालणाऱ्यांचा निरोप दर आठवड्याला यायचा, की फोनवर बघणारा माणूस पाच सेकंदांत पुढे जातो, दर पाच सेकंदांनी काहीतरी नवं दिसलं पाहिजे. ताई त्यावर वाद घालत नाहीत, उदाहरणं दाखवतात. मिशेल गाँद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने १९९७ मध्ये डाफ्ट पंकच्या 'अराउंड द वर्ल्ड'साठी प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांचा एक गट वाटून दिला. बेस वाजला की तेच खेळाडू, गिटार वाजली की तेच सांगाडे. ते ॲनिमेशन नव्हे, खरी माणसं आहेत; पण आवाज आणि आकृती यांची गाठ एकदा मारली की परत परत येणारी गोष्ट कंटाळा आणत नाही, उलट डोळे तिची वाट पाहतात. घरचं उदाहरण 'एक अनेक और एकता'चं. फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी १९७४ मध्ये केलेली ती फिल्म माझ्या वयाच्या माणसांनी दूरदर्शनवर इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यातलं चिमण्यांचं उडतं जाळं आठवायला कुणाला प्रयास पडत नाहीत.

माझं मत विचाराल तर मी ताईंच्या बाजूचा. दर पाच सेकंदांनी नवं मागणाऱ्याने गाणं ऐकलेलंच नसतं. गाणं स्वतःच तीनदा तेच म्हणतंय.

अर्थात तंतोतंत तेच नाही. चाळीस चित्रांच्या हातांना धक्का न लावता ताई चौकटीच्या उजव्या कडेला एक वेगळा थर ठेवतात. पहिल्या ध्रुवपदात तिथे काहीच नाही. दुसऱ्यात त्या कडेने दोन लहान हात येतात आणि प्रत्येक फूल पुढे करतात, तेही चाळीस चित्रांचंच चक्र. तिसऱ्यात ते हात नाहीत. त्यांच्या जागी उघडी वही आहे आणि पंख्याच्या वाऱ्याने तिचं पान हलतंय. वहीच्या रेघा दोऱ्याइतक्याच जाड आणि त्याच रंगाच्या. बस. संगीतकार दादांना तिथे मोठी झालेली मुलगी हवी होती, हातात फाईल, मागे मोठं ऑफिस. ताईंनी साफ नकार दिला. वही मला आवडली, पण फोनच्या पडद्यावर कडेची वही किती जणांना दिसेल याची शंका आहे. ताईंनाही असावी, कारण वहीचं पान पहिल्या आराखड्यापेक्षा आता दुप्पट मोठं झालंय.

दोरा ध्रुवपदाचा, तसा पिवळा गोलही ध्रुवपदाचाच, असा त्यांचा नियम. अंतऱ्यात रंग निळे-करडे ठेवायचे, पिवळा जपून वापरायचा. नियम मोडला की काय होतं ते मी पाहिलं. सगळी कच्ची चित्रं गाण्याच्या लांबीवर लावून जो आराखडा तयार होतो, त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. तो झाल्यावर शेजारच्या आजींना बोलावलं, आवाज बंद केला आणि सांगितलं, "आजी, गाणं ध्रुवपदावर आलं असं वाटेल तेव्हा हात वर करा." पहिल्या ध्रुवपदाला आजींनी हात केला. वाद्यांच्या तुकड्यात खाली घेतला. दुसऱ्या अंतऱ्यात सातव्या आवर्तनाला पुन्हा वर. ताईंनी कपाळाला हात लावला. तिथे बस येत होती, रस्त्याच्या मधोमध, दिव्यांचा मोठा पिवळा गोल झेंडूएवढा, आणि बरोबर तिथेच जिथे ध्रुवपदात झेंडू येतो. आजींनी गोल ओळखला आणि त्यांच्या दृष्टीने ध्रुवपद आलं. मग खरं ध्रुवपद आलं तेव्हा हात आधीच वर होता.

बसचे दिवे पांढुरके केले, बस चौकटीच्या डावीकडून नेली. बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी आजींऐवजी खालच्या वॉचमनदादांना बसवलं, कारण आजींना आता उत्तर माहीत होतं. वॉचमनदादांचा हात तिन्ही वेळा जागेवर वर गेला.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते भिंतीवरच्या आठ कोऱ्या चौकोनांत. ब्रिजला ठेका नाही. गायिकेने तो भाग क्लिक बंद करून गायला आहे, श्वास घेत, मध्ये थांबत. कागदावर आठ आवर्तनं म्हणजे ४८० फ्रेम, प्रत्यक्षात ४७०. दहा फ्रेमचा फरक ऐकताना कुणालाच कळणार नाही. पण तिसरं ध्रुवपद जर ठरल्या फ्रेमवर सुरू केलं तर हात ढोलकीच्या दहा फ्रेम मागे चालतील, शेवटपर्यंत. म्हणून मुलगी ब्रिजमध्ये पेरं मोजतच नाही. ध्वनीची वेडीवाकडी रेघ पडद्यावर मोठी करून ढोलकी परतल्याची पहिली थाप शोधते. रेघेत ती उभ्या काट्यासारखी दिसते. तिथे ती नवा एक आकडा लिहिते आणि कागदावरची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिथून परत पंधरा.

ब्रिजचं चित्र एकच आहे, कट नसलेलं. हात नाहीत, फुलं नाहीत, सुई आहे आणि तिच्यात दोरा नाही. सुईचं नेढं हळूहळू जवळ येतं. हालचाल ठोक्यावर नाही, गायिकेच्या श्वासावर. ती श्वास घेते तिथे चित्र थांबतं. इथे थ्रीजही नाहीत. कुठलं चित्र नऊ फ्रेम, कुठलं चार. दोरा आधी दोन ध्रुवपदांत आठवेल इतका पाहिलेला असतो, म्हणून त्याचं नसणं जाणवतं. हेच चित्र गाण्याच्या सुरुवातीला ठेवलं असतं तर ती नुसती सुई असती.

सगळं बसल्यावर शेवटी एक छोटी गोष्ट करतात: पूर्ण गाणं दोन फ्रेम पुढे ढकलतात, म्हणजे चित्र आवाजाच्या किंचित आधी येतं. बरोबर एकाच वेळी ठेवलं तर चित्र उशिरा आल्यासारखं भासतं. हे जुने ॲनिमेटर करत आले आहेत.

मी शेवटचा गेलो त्या संध्याकाळी संगीतकार दादा आले होते. बराच वेळ घुटमळून म्हणाले, "ताई, गाणं लॉक झालंय हे मान्य. पण दोन आवर्तनं वाढवायची होती."

ताईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने विचारलं, "कुठे, दादा? ध्रुवपदात वाढवलीत तर एकही चित्र नवं नाही, चक्र आणखी एकदा फिरेल. अंतऱ्यात वाढवलीत तर चाळीस नवी."

दादांनी भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिलं, पिवळ्या चौकोनांवरून नजर फिरवली. मग दुसऱ्या अंतऱ्याच्या निळ्या चौकोनांवर बोट ठेवलं. मुलगी फुलं पुढे करते त्या ओळीनंतर गायिकेला श्वास घ्यायला जागाच नाही, म्हणाले.

"चाळीस," ताई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. मुलगी पट्टी कापायला कात्री शोधू लागली.